मॅजिस्ट्रेटचं पेन

आमच्या लॉ कॉलेजात पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्या सरांना सगळे पुरावेसर म्हणत. स्टाफरूममध्ये माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागूनच, त्यामुळे त्यांचा खाक्या सगळ्यात जास्त मी सोसला. चहा गार आहे म्हटलं तरी विचारायचे, तुम्ही स्वतः प्यायलात की कुणी सांगितलं? ऐकीव पुरावा त्यांना घरातही चालत नसे. यांच्याशी संसार म्हणजे रोजची उलटतपासणी, असं त्यांची बायको म्हणे.

त्यांचा जीव सरावप्रश्नांत. प्रश्न, आदर्श उत्तर, खाली गुण देण्याच्या सूचना. प्रश्न आधी वाटायचे. उत्तरं मात्र चाचणी होईपर्यंत ड्रॉवरमध्ये. आयतं खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणायचे.

यंदाचा चौथा प्रश्न मृत्युपूर्व जबाबाचा होता. बाईने मरताना फक्त बहिणीला सांगितलं, तर ते कोर्टात चालेल का? प्रश्न वाटताना सरांनी नेहमीचा विनोद केला, की नातेवाइकाच्या कानापेक्षा मॅजिस्ट्रेटचं पेन बरं. पोरं हसली. दाराशी उभा असलेला मीही हसलो, त्याची आता लाज वाटते.

त्याच आठवड्यात वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीची थोरली बहीण जिन्यावरून पडून इस्पितळात गेली. नवऱ्याने ढकलल्याचा संशय होता. मॅजिस्ट्रेटना बोलावणं गेलं. तेवढ्यात ताईने हिचा हात धरला आणि म्हणाली, ऐक, तुला सांगते.

"मला नको, ताई. दम खा. मॅजिस्ट्रेट येताहेत, त्यांनाच सांग."

मॅजिस्ट्रेट आले तेव्हा ताई बेशुद्ध होती. ती शुद्धीवर आलीच नाही.

काही दिवसांनी मुलगी स्टाफरूममध्ये आली. डोळे कोरडे, हातात वही. भाऊजींनी पोलिसांपुढे कबूल केलंय, म्हणाली. सर म्हणाले, पोलिसांपुढची कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. शेजारीण म्हणते, ताई ॲम्ब्युलन्समध्ये कुणाशी तरी बोलली, असं तिच्या कानावर आलंय. सर म्हणाले, ज्याने स्वतः ऐकलं तो माणूस सापडला तर बघू. शेजारणीचं म्हणणं ऐकीव. प्रत्येक उत्तर बरोबर होतं आणि प्रत्येक उत्तराला त्यांचा आवाज खाली जात होता.

"आणि मी ऐकलं असतं तर, सर?"

 सरांनी ड्रॉवर उघडून चौथ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यापुढे ठेवलं. मृत्यूचं कारण सांगणारं बोलणं कुणापुढेही केलेलं चालतं, बहिणीपुढेही, तोंडीही. मॅजिस्ट्रेट असलाच पाहिजे असं नाही. बहीण आपली म्हणून कोर्ट ते जास्त पारखून घेईल, एवढंच. खाली सूचना होती: मॅजिस्ट्रेट हवाच असं लिहिणाऱ्याला शून्य गुण.

तिने शेवटपर्यंत वाचलं.

"हे इथेच होतं?"

सर हो म्हणाले.

आता ते प्रश्नांबरोबरच उत्तरं वाटतात. ती मुलगी मात्र पुन्हा वर्गात आली नाही.