मावशींचं एक पान

मावशी पहिल्या दिवशी वर्गात शिरल्या तेव्हा आम्हाला वाटलं, कोणाची तरी आई विसरलेला डबा द्यायला आली. त्या सरळ पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. आमच्यातल्या कोणाहीपेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठ्या. आधी शिवणकाम करायच्या. बाजारात तयार कपडे स्वस्त झाले, गिऱ्हाइकं आटली, आणि बाईंनी मशीन विकून फार्मसीच्या डिप्लोमाला नाव घातलं. त्यांच्या नवऱ्याने एवढंच सांगितलं होतं, "या वर्षी जमलं तर जमलं. नाहीतर पुन्हा म्हणायचं नाही."

आणि ते जमणं एका पानावर येऊन अडकलं होतं.

आमच्या मॅडमची एक खोड होती. प्रत्येकाला एका औषधाचा मोनोग्राफ द्यायच्या, म्हणजे त्या औषधाची साद्यंत माहिती: कशासाठी, किती मात्रा, कोणाला देऊ नये, इशारे, इतर औषधांशी भांडण, दुष्परिणाम, शरीरात काय होतं, जास्त झालं तर काय, ठेवायचं कसं. चाळीसेक पानं, बारीक टाइप. एकेक विभाग वाचायचा आणि सगळ्याचा सारांश एकाच पानावर, एकाच बाजूला आणायचा. खरी मेख पुढे होती. ते पान दुसऱ्याच विद्यार्थ्याच्या हातात द्यायचं, त्याने फक्त ते पान बघून मॅडमनी सांगितलेल्या रुग्णाबद्दल उत्तरं द्यायची. पान लिहिणाऱ्याने समोर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. उत्तर चुकलं की पान लिहिणारा नापास!

मावशी दोनदा नापास झाल्या होत्या. पहिल्या वेळी त्यांनी मुंगीएवढ्या अक्षरात सगळंच्या सगळं कोंबलं. मॅडमनी शेरा मारला, "सगळं आहे, पण सापडत नाही." दुसऱ्या वेळी मोनोग्राफच्या क्रमाने लिहीत गेल्या. पहिल्या विभागांनीच पान खाल्लं आणि इशारे आले तेव्हा जागाच उरली नव्हती. आता शेवटची संधी. यात हुकलं की दुकानातलं प्रशिक्षण नाही, वर्ष वाया, आणि नवऱ्याचा शब्द.

औषध त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं, मेथोट्रेक्झेट. सांध्यांच्या आजारासाठी त्यांच्या सासूबाई तेच घेत होत्या. "दुकानदार पुडी देतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो," मावशी म्हणायच्या. "काय सांगायला हवं होतं ते आता वाचताना कळतंय, आणि अंगावर काटा येतोय."

पंधरवडाभर त्या बाईंनी मला स्वस्थ बसू दिलं नाही. मी जेवत असले तरी शेजारी मोनोग्राफ. "अगं, मूत्रपिंडाचं हे मागे, शरीरात काय होतं त्या विभागात दिलंय. पण मात्रा ठरवताना ते लागतं. मग मी ते मात्रेपाशी शिवलं तर?" मी घास गिळत म्हणायचे, "शिवा मावशी, शिवा." मला वैताग यायचा, खोटं कशाला बोलू? माझं स्वतःचं पान कधीच तयार होतं. सुबक, भरगच्च, तीन रंगांत.

आणि पान वाचायला चिठ्ठी निघाली ती माझी.

मावशी समोर खुर्चीच्या कडेवर बसल्या. बोटं पदराशी चाळा करत होती. मॅडमनी केस वाचली: अठ्ठावन्न वर्षांची बाई, सांध्यांसाठी मेथोट्रेक्झेट घेते. दुखणं वाढलं म्हणून चार दिवस रोज एक मात्रा घेतली. आता लघवीच्या संसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम लिहून दिलंय, ते न्यायला दुकानात आली आहे.

मी पान बघितलं. निम्मं कोरंच वाटत होतं! वर एक मोठी चौकट, खाली थोड्याच ओळी, मध्ये मोकळी जागा. म्हटलं, मावशी, गेलात तुम्ही.

पण उत्तरं मिळत गेली. मात्रेपाशी ठसठशीत होतं: आठवड्यातून एकदाच, वार ठरवून, तो वार पाकिटावर लिहायचा. फॉलिक अॅसिड वेगळ्या दिवशी. लगेच खाली: चुकून रोज घेतली तर त्रास होत नसला तरी ताबडतोब हॉस्पिटल. इतर औषधांत पहिलंच नाव ट्रायमेथोप्रिम: देऊ नये, रक्तपेशी धोकादायक घटतात, डॉक्टरांना फोन करून दुसरं मागावं. मूत्रपिंडाचं विचारलं तर तेही मात्रेपाशीच टाचलेलं: औषध मुख्यतः तिथूनच बाहेर पडतं, काम मंदावलं असेल तर मात्रा कमी किंवा औषधच नको. मी भराभर सांगत होते.

"त्या बाईला कोरडा खोकला आहे," मॅडम म्हणाल्या, "आणि जिना चढताना धाप लागते. काय समजाल?"

मी दुष्परिणामांवर आले. मळमळ, थकवा, केस विरळ होणं. खोकला नाही. पुन्हा वाचलं. इशारे बघितले. यकृत, गर्भारपण, दारू, रक्ततपासण्या. खोकला नाहीच. घड्याळाची टिकटिक कानात शिरायला लागली. मान वर केली तर मावशींचा चेहरा पांढराफटक. त्यांची नजर पानावर नव्हती, माझ्यावरही नव्हती. त्या खिडकीकडे बघत होत्या, डोळ्यानेसुद्धा खूण होऊ नये म्हणून. मला त्यांचा राग आला. मग माझाच आला. या बाईचं वर्ष माझ्या बोटाखाली होतं आणि बोट भलतीकडेच फिरत होतं.

"सापडत नाहीये?" मॅडमनी पेन उचललं.

"थांबा," मी ओरडलेच.

आणि मग ती वरची चौकट वाचली. मघापासून शोभेची समजून मी ती ओलांडून जात होते. 'यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी नको, त्याच दिवशी डॉक्टर: ताप किंवा घसा दुखणं, तोंडात फोड, रक्तस्राव, कावीळ, कोरडा खोकला व धाप.' मोनोग्राफच्या निरनिराळ्या विभागांत विखुरलेलं मावशींनी वेचून एका जागी आणलं होतं. मी मात्र विभागाविभागाने शोधत बसले, कारण मला तशीच सवय.

"फुफ्फुसाला इजा असू शकते," मी म्हणाले. "औषध थांबवून आजच्या आज डॉक्टर."

मॅडमनी पेन टेकवलं. "पास."

वर्गाने टाळ्या पिटल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. मावशी मात्र उठून सरळ माझ्याकडे आल्या आणि पान ओढून घेतलं.

"तुला एवढा वेळ का लागला?"

"अहो मावशी, पास झालात! घरी सांगा आधी."

"दुष्परिणामांत शोधलंस ना? सगळे तिथेच शोधणार. धाप लागलेली बाई काउंटरपाशी तेवढा वेळ उभी राहील का?" त्यांनी मॅडमकडे वळून विचारलं, "मला हे पुन्हा लिहून देता येईल का?"

"गुण वाढणार नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"गुण नकोत."

त्या तिथेच बसल्या आणि दुष्परिणामांच्या वर लिहिलं: आधी चौकट वाचा. मग खोकला आणि धाप तिथेही पुन्हा लिहिली. "कपडा अंगावर चढवल्याशिवाय कुठे दाटतो ते कळत नाही," स्वतःशीच पुटपुटल्या.

मी माझं तीन रंगांचं पान पिशवीतून काढलं. माझं औषध डिगॉक्सिन, हृदयाचं. माझी पाळी दुसऱ्या दिवशी होती. पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "बघा, यात सगळं सापडतंय का."

"मी कशाला शोधू? तूच शोध," मावशी म्हणाल्या. माझा मोनोग्राफ त्यांनी चाळला. "म्हातारेबुवा आलेत. म्हणतात, भूक गेली आणि सगळं पिवळं दिसतंय."

औषध अंगात जास्त साठल्याची खूण. ते मी लिहिलं होतं, पक्कं आठवत होतं. हिरव्यात बघितलं, लालात बघितलं, निळ्यात बघितलं. माझंच पान, माझंच अक्षर, आणि मला ते सापडेना.