शिक्का नसलेलं पान

पाटी आधी आली, ठराव नंतर यायचा होता. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या खोडाळ्याच्या खोलीत, वरईच्या पोत्यांमागे, भिंतीकडे तोंड करून ती उभी असे. अध्यक्षांनी ती पेंटरकडून हौसेनं रंगवून घेतली होती: कंपनीचं नाव, त्याखाली ‘नोंदणीकृत कार्यालय, जव्हार’ आणि सगळ्यात खाली, जरा मोठ्या अक्षरात, ‘अध्यक्ष’ या शब्दासह त्यांचं नाव. कार्यालय जव्हारला न्यायचं तर सभासदांनी विशेष ठराव करायला हवा. ही बारीकसारीक गोष्ट पेंटरला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मी या कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी. शाळेतून निवृत्त झाल्यावर हे पद मिळालं. त्याच्यासोबत प्लास्टिकची खुर्ची आणि एक गोल शिक्का मिळाला. पदाच्या नावात तीन शब्द होते आणि खुर्चीचा एक पाय आखूड होता. काम एवढंच, की आम्ही विकत घेतलेल्या नागली-वरईचा हिशेब ठेवायचा आणि आलेले कागद वाचायचे. कागद वाचणारा माणूस कुठल्याही संस्थेत फारसा प्रिय नसतो, हे मला शाळेतच कळलं होतं.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीचा मसुदा नाशिकच्या कंपनी सेक्रेटरीनं फोनवर पाठवला. हिशेब मंजूर करणं आणि लेखापरीक्षक नेमणं ही नेहमीची कामं होती. त्याखाली ‘विशेष कामकाज’ म्हणून एकच विषय: नोंदणीकृत कार्यालय खोडाळ्याहून जव्हारला हलवणं. नेहमीच्या कामांबद्दल समजावून सांगावं लागत नाही, विशेष कामकाजाला मात्र स्पष्टीकरणाचं निवेदन जोडावंच लागतं. मत देण्याआधी सभासदाला त्या ठरावाचा अर्थ आणि परिणाम कळावा, हा त्यामागचा हेतू. सेक्रेटरीच्या निवेदनात लिहिलं होतं: ‘प्रशासकीय सोयीसाठी कार्यालय हलवणे इष्ट आहे. कोणाही संचालकाचा अथवा त्यांच्या नातेवाइकांचा यात हितसंबंध नाही.’ झालं निवेदन.

सोय कोणाची, हे त्यात नव्हतं. आणि जव्हारचा तो गाळा अध्यक्षांच्या साडूचा होता.

संचालक मंडळाची बैठक बाजाराच्या दिवशी भरायची, म्हणजे सगळ्यांचं एका फेरीत भागतं. मी नातेवाइकांचं वाक्य वाचून दाखवलं तशी उपाध्यक्षांनी प्रामाणिकपणे हात वर केला. म्हणाले, “अध्यक्ष माझ्या आतेभावाचे व्याही लागतात. लिहून घ्या.” दुसरे म्हणाले, “मग माझी पुतणीपण त्यांच्या पाड्यात दिलीय.” बघता बघता निम्मं मंडळ अध्यक्षांचं सोयरं निघालं. मी सेक्रेटरीला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, “कायद्यात नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सुना, जावई, भावंडं. साडू त्यात बसत नाही.”

“कायद्यात साडूच नाय?” उपाध्यक्ष चकित झाले. “मग कायदा करणाऱ्याचं लग्न झालं नव्हतं काय?”

अध्यक्ष मनमोकळे हसले. “लिहा हो सर, गाळा माझ्या साडूचा आहे म्हणून. सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मला काय लपवायचंय?” ते वाक्य आलं, आणि मला वाटलं आता काम सरळ होईल. शिक्षकी पेशात इतकी वर्षं काढूनही माझा हा भाबडेपणा गेला नाही.

अडलं ते पुढच्या वाक्यावर. वार्षिक सभा नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच गावात किंवा शहरात घ्यावी लागते, असा नियम आहे. म्हणजे कार्यालय जव्हारला गेलं की यापुढची प्रत्येक वार्षिक सभा जव्हारला. मी एवढंच वाक्य घालू म्हटलं.

त्याचा अर्थ त्या खोलीत एका व्यक्तीला लगेच कळला. सूर्यमाळच्या वरच्या पाड्यातली एक संचालक बाई, आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो. दर वर्षी ती पाड्यातल्या सभासद बायका जीपमध्ये बसवून खोडाळ्याला आणायची. सभेला एक चतुर्थांश सभासद हजर असावे लागतात. त्या बायका आल्या नाहीत तर ही संख्या भरायची नाही, आणि काकीला संचालक म्हणून निवडून द्यायलाही कोणी राहायचं नाही.

“खोडाळ्याला आमी सकाळी निघतो, सांजंला घरी,” काकी म्हणाली. “जव्हारला कसा येयाचा? मोखाड्याला गाडी बदला, सभा उशिरा संपली का परतीची एसटी गेली. पोरं कोणाजवळ ठेवू? तुमच्याजवळ?”

“काकी, खरेदी केंद्र इथंच राहणार आहे,” अध्यक्ष म्हणाले. “तुझी नागली कोणी जव्हारला मागवत नाही.”

“नागलीला मत देता येत नाय, अध्यक्ष.”

मंडळ हसलं. अध्यक्ष नाही हसले. ते मला म्हणाले, “पुढल्या वर्षीची सभा पुढल्या वर्षी बघू. आत्ताच लिहून लोकांना घाबरवायचं कशाला?”

मी म्हटलं, जव्हारला बँकेजवळ आणि आदिवासी विकासाच्या प्रकल्प कार्यालयाजवळ एक टेबल-खुर्ची हवी असेल, तर शाखा उघडा. तिला विशेष ठराव लागत नाही, निवेदन लागत नाही, सभाही इथंच राहते. अध्यक्षांनी पोत्यांमागच्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर ‘शाखा’ नव्हतं. रंग वाळला होता.

सेक्रेटरी फोनवर अजून होताच. “सर, प्रत्येक परिणाम लिहायला लागलो तर कादंबरी होईल.”

“कादंबरी नको. एक वाक्य हवंय.”

“आमच्या नमुन्यात ते नसतं.”

“तुमच्या नमुन्यात सूर्यमाळही नसेल.”

त्या बैठकीत निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीत उपाध्यक्ष नव्हते म्हणून झाला नाही. तिसऱ्या बैठकीला काकी भातातली निंदणी सोडून आली. ते वाक्य नसेल तर नोटीस मंजूर झाल्याच्या नोंदीत माझा विरोध लिहा, असं तिनं सांगितलं. लेखी विरोधाचं नाव निघताच फोनवरचा सेक्रेटरी मऊ झाला. सभासदाला निर्णय घेता येईल अशी माहिती दडवली तर उद्या संचालकांनाच उत्तर द्यावं लागतं, हे त्यानं जणू प्रथमच वाचल्यासारखं सांगितलं. वाक्य मंजूर झालं: ‘हा ठराव मंजूर झाल्यास यापुढील वार्षिक सर्वसाधारण सभा जव्हार येथेच घ्याव्या लागतील.’ एका सरळ वाक्यासाठी तीन बैठका. मी ते मराठीत, जरा मोठ्या टायपात, निवेदनाच्या पानावर घातलं आणि मूर्खासारखा समाधानी झालो.

नोटिशीच्या पानाच्या तळाशी माझी सही आणि गोल शिक्का. मागे निवेदनाचं पान, मग गेल्या सभेचं इतिवृत्त आणि ताळेबंद, त्यांवरही लेखापरीक्षकाचे आणि आमचे शिक्के. निवेदन नोटिशीचाच भाग म्हणून त्यावर वेगळा शिक्का मारला नाही. गावोगाव नोटिसा पोचवायचं काम अध्यक्षांनी आपणहून घेतलं. मोटरसायकलवरून फिरून, दारात उभं राहून, पोच घेऊन नोटीस देणं त्यांना मनापासून आवडायचं. लोक चहा द्यायचे.

सभा जवळ आली तेव्हा काकी नोटीस घेऊन माझ्या दारात आली. पाड्यात बायकांना जमवून वाचून दाखवायची होती. “गुरुजी, तो आपला वाक्य खूण करून द्या. आमाला सापडंना.”

मलाही सापडेना. नोटीस होती, इतिवृत्त होतं, ताळेबंद होता. निवेदन नव्हतं. वांगणीच्या एका सभासदाला फोन करून विचारलं, त्याच्याकडेही नव्हतं. मोखाड्याच्या दोघांकडे नव्हतं. मी ऑफिसात गेलो. कपाटाच्या खालच्या खणात निवेदनाच्या सगळ्या प्रती नीट दोरीनं बांधून ठेवलेल्या होत्या.

अध्यक्षांना बोलावलं. ते आले, गठ्ठा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, “हे होय. ह्यावर शिक्का नव्हता. कच्चा कागद असेल म्हणून काढून ठेवले. रद्दीत नाही टाकले, बघा.”

तीन बैठका ज्या पानावरून भांडलो, ते पान त्यांना ओळखू आलं नाही? पण त्यांनी ते कधी हातात घेऊन वाचलंच नव्हतं, मी वाचायचो आणि ते ऐकायचे. आणि आमच्याकडे खरंच तसं आहे. रेशन असो, दाखला असो, वनहक्काचा कागद असो, शिक्का नसेल तर टेबलामागचा माणूस तो परत सरकवतो. हे आम्हीच लोकांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलंय. ते खोटं बोलत होते की खरं, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याचा राग मला जास्त येतो.

सेक्रेटरीला कळवलं. तो एकदम कायद्याचा माणूस झाला. “निवेदनच जोडलं नाही म्हणजे त्या विषयावर ठराव घेता येणार नाही. नव्यानं नोटीस द्यायची तर चौदा दिवस आधी हवी.” ते दिवस उरले नव्हते, आणि सभा महिनाअखेरीच्या आत व्हायलाच हवी होती. विषय गळला. अध्यक्षांचा ठराव अध्यक्षांच्याच हातानं पडला, हे त्यांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते माझ्यावर ओरडले. “शिक्का मारायला काय झालं होतं तुम्हाला?”

सभा खोडाळ्याला झाली. काकी बायका घेऊन आली, संख्या भरली. हिशेब मंजूर झाले. अध्यक्षांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं, की विशेष विषय ‘तांत्रिक कारणास्तव’ पुढे ढकलला आहे. मागून कोणीतरी विचारलं, विषय होता काय? अध्यक्षांनी आभार मानायला सुरुवात केली. ज्यांच्यासाठी ते वाक्य लिहिलं, त्यांनी ते वाचलं नाहीच. ते टाळ्या वाजवून चहा प्यायला गेले.

बायका जीपमध्ये बसत होत्या तेव्हा काकी परत आत आली.

“मंग गेला का तो ठराव? कायमचा?”

“नाही काकी. नवी नोटीस काढून कधीही परत आणता येईल. वेगळी सभा बोलावूनही आणता येईल.”

तिनं पोत्यांमागे नजर टाकली. पाटी तिथंच होती, भिंतीकडे तोंड करून. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता.

“तो पान हाय का तुमच्याजवळ?”

मी खण उघडून गठ्ठा दाखवला.

“मंग त्यांवर शिक्का मारून ठेवा. आत्ताच मारा. मी बघते.”

मी तिला सांगणार होतो, की नव्या नोटिशीला नवीन निवेदन लागेल, या प्रती फुकट जातील. नाही सांगितलं. आखूड पायाच्या खुर्चीवर बसलो, पॅडवर चार थेंब पाणी टाकलं आणि एकेका पानावर शिक्का उमटवायला लागलो. दोन-चार पानं होईपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, “जरा जोरात. फिका येतो,” आणि जीपकडे गेली.