‘यायचं’ खात्यातले दोन लाख पंचेचाळीस

टाचणीकाका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बारा दिवस रजेवर गेले आणि मी त्यांच्या हिशेबाची साफसफाई केली. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या खोके कारखान्याच्या संगणकावर खरेदीवरच्या जीएसटीची दोन खाती होती, एक ‘आलेलं क्रेडिट’ आणि दुसरं ‘यायचं क्रेडिट’. मी काकांच्या हाताखालचा, गावाकडच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात बी.कॉम. झालेला माणूस. एकाच करासाठी दोन खाती म्हणजे म्हाताऱ्याचा चाळा, असं ठरवून दोन्हींचं एक खातं करून टाकलं. नावे शिल्लक झाली चार लाख अठरा हजार. विक्रीवरचा कर होता तीन लाख साठ हजार. मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन छाती पुढे काढून म्हणालो, “मालक, या महिन्यात एक पैसाही भरायचा नाही. उलट अठ्ठावन्न हजार पुढच्या महिन्याला उरतात.”

मालकांनी तेव्हा काकांच्या डबीतली टाचणी घेऊन कान कोरायला घेतला होता. कोरून झाल्यावर त्यांनी ती तशीच डबीत परत टाकली. “म्हणजे सरकार आपलं देणं लागतं!” ते म्हणाले, आणि करासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्याच दुपारी नव्या गाडीचं बुकिंग करून आले.

टाचणीकाका एकोणीस वर्षं या कारखान्यात हिशेब लिहितायत. खळीच्या आंबट वासात बसून बसून त्यांच्या शर्टालाही तो वास लागलाय, आणि बहीण त्यांना घरात शिरताच पहिल्यांदा बाथरूमकडे पिटाळते. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, “आकडा जुळला नाही.” वहीवर शिकले आणि सेहेचाळिसाव्या वर्षी संगणकावर एका बोटानं टाइप करायला लागले. अजूनही एकाच बोटानं करतात, पण त्या बोटाची चूक मी पाहिलेली नाही. खरेदीचं प्रत्येक बिल ते जीएसटीच्या पोर्टलवरच्या यादीशी ताडून बघतात. पुरवठादारानं बिल यादीत चढवलं असेल तर गठ्ठा इकडे, नसेल तर त्याला चिठ्ठी टाचून गठ्ठा तिकडे. म्हणून टाचणीकाका.

नऊ तारखेला ते काळा चष्मा लावून आले. संगणक उघडला. खाती वरपासून खालपर्यंत एका बोटानं चाळली.

“बाळा, माझं दुसरं खातं कुठं गेलं?”

“एक केलं काका. कर तो करच ना?”

“हो. आणि लग्न ठरलेली आणि लग्न झालेली, दोघीही बायकोच ना?” त्यांनी चष्मा काढला. डोळा लाल होता. “बस. विक्रीवर आपण गिऱ्हाइकाकडून जो कर घेतो तो आपला नव्हे. सरकारचा आपल्या हातात आलेला. म्हणून तो जमा बाजूला, देणं. खरेदीवर आपण जो कर मोजला तो त्या देण्यातून वजा करता येतो. म्हणून तो नावे बाजूला. पोर्टल त्यालाच क्रेडिट म्हणतं. ती रोकड नाही. त्यातून कर भागतो, गाडी येत नाही. आणि तोही कधी भागतो?”

“यादीत दिसला तर,” मी पुटपुटलो.

“हुशार आहेस. बारा दिवस उशिरा.”

आकडे त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर मांडले. चार लाख अठरामधले दोन लाख पंचेचाळीस हजार यायचे होते, आलेले नव्हते. म्हणजे वापरता येणारे एक लाख त्र्याहत्तर. तीन लाख साठमधून ते गेले की रोख भरायचे एक लाख सत्त्याऐंशी हजार, वीस तारखेच्या आत.  पण खरी शिसारी पुढे होती. ती दोन लाख पंचेचाळीस हजारांची सगळी बिलं एकाच माणसाची होती, मालकांच्या मेहुण्याची. हा गृहस्थ आम्हाला कागद विकायचा, बिलात कर लावून पुरते पैसे घ्यायचा, आणि तीन महिने त्यानं रिटर्नच भरलं नव्हतं. आधीचं भरल्याशिवाय पुढचं बिल यादीत चढत नाही. काकांनी त्याला फोन लावला. तो म्हणाला, “बघू.” मागे टीव्हीवर क्रिकेट चालू होतं.

मालकांना हे सांगितलं तेव्हा ते मेहुण्यावर चिडतील असं मला वाटलं. ते काकांवर चिडले.

“घरात भांडण लावता काय? तुमच्या त्या यादीपायी?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक दलाल आणला. तेल चोपडलेले केस, बोटात चार अंगठ्या. त्यानं थुंकी लावून फायलीतून बिल काढलं आणि त्या ओल्या बोटानंच माझ्या टेबलावर सरकवलं. मागच्या महिन्याची तारीख, सव्वीस टन कागद, कर बरोबर एक लाख सत्त्याऐंशी हजार. “माल नाही, नुसतं बिल. उद्या चढवतो, चौदा तारखेला तुमच्या यादीत दिसेल. आपलं कमिशन तेवढं द्या.”

“यादीत दिसेल ना?” मालक काकांकडे वळले. “तुमचं तेच म्हणणं होतं ना? झालं तर मग. एन्ट्री करा.”

“नाही करणार.”

“मग उद्यापासून घरीच डोळ्यात औषध घाला. एकोणीस वर्षं विसरा.” आणि मला म्हणाले, “तू कर रे.”

मी ठणकावून नाही म्हणालो, असं इथं लिहायला मला आवडलं असतं. मी पुरवठादाराचं नाव टाइप केलं. वजन टाइप केलं. बिलाचा कोपरा अजून ओला होता.

“सव्वीस टन,” काका शांतपणे म्हणाले. “आपल्या गोदामात पंधरा मावतो. उरलेला अकरा टन कुठं उतरवलास, बाळा? तुझ्या खोलीवर?”

माझी बोटं थांबली.

काका उठले आणि मालकांसमोर उभे राहिले. “यादीत दिसणं ही एक अट झाली. माल आलेला असणं ही दुसरी. उद्या तपासणीला आले तर हे क्रेडिट परत भरायचं, वर व्याज, वर तेवढाच दंड. मला काढायचं तर काढा. फक्त एक लक्षात ठेवा, रिटर्न भरताना ओटीपी माझ्या फोनवर येत नाही. तुमच्या फोनवर येतो.”

मालकांनी टेबलावरचा आपला फोन उचलून खिशात घातला, जणू तो लपवला की भागेल. मग दलालाला म्हणाले, “असले धंदे आमच्याकडे चालत नाहीत.” अगदी सहज म्हणाले. दलाल मात्र हसला. त्यानं ही पलटी आधीही पाहिली असावी.

मी टाइप केलेलं पुसलं आणि खातं पुन्हा दोन केलं. मालकांनी गाडीचं बुकिंग मोडलं, पैसे परत आले आणि अठरा तारखेला एक लाख सत्त्याऐंशी हजार रोख भरले गेले. काकांची नोकरी राहिली. मेहुणा मालकांच्या घरी रविवारी जेवायला येतोच. फक्त त्याच्या नव्या बिलातली कराची रक्कम काका रोखून धरतात, यादीत दिसेपर्यंत.

बुकिंग मोडताना शोरूमनं पाच हजार कापले. मालकांनी ते काकांच्या पगारातून वळते केले, कारण लिहिलं ‘जादा रजा’. काकांनी सही केली. जिन्यात गाठून मी म्हणालो, “काका, ते माझ्यामुळे गेले. मी देतो.”

“दे की,” ते म्हणाले. नको म्हणतील अशी मला आशा होती.

पहिल्या पगाराला दोन हजार दिले, दुसऱ्याला एक. दोन हजार अजून राहिलेत. काका विचारत नाहीत. आणि मी गेल्या महिन्यात नवे बूट घेतले.