अकरा डझनाला नाव नाही

कर्जतच्या बाजारात आसियाचं बांगड्यांचं दुकान शोधायला जाल, तर पाटी बघू नका, पाटी केव्हाच गंजलीय. किणकिण ऐकू आली की थांबायचं. आत दोन माणसं दिसतील. एक मोहियुद्दीन, गल्ल्यावर बसून पेपर वाचणारा. दुसरी त्याची बायको आसिया, जी त्याला पेपर वाचू देत नाही.

"अवो, तो सव्वादोनचा डझन खाली द्या. तो नाय, त्याच्या पल्याडचा. डोळं हायत का बटणं?"

सगळा गाव हिला चाची म्हणतो. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण हात अजून लोण्यासारखे. पोरीचा हात हातात घेतला, अंगठ्याचा सांधा जरा दाबला, की माप कळलंच. सव्वादोन, त्याहून जरा मोठं दोन-सहा, नाहीतर सगळ्यांत मोठं अडीच. हात दाबता दाबता ती बडबड अशी सुरू करते, की पोरगी हसता हसता हात ढिला सोडते आणि बांगडी सरकन् आत. घट्ट बांगडी काय जोरानं चढत नाही, बाईला हसवावं लागतं, हे तिला तिच्या सासूनं शिकवलं.

सासूनं आणखी एक शिकवलं, ते म्हणजे मोजायचं. आसिया लग्न होऊन आली तेव्हा चौथी शिकलेली. शंभरपर्यंत आकडे यायचे, पण दुकानात आकडे चालतच नाहीत, तिथं शब्द चालतात. दोन म्हणजे जोडी. सहा म्हणजे अर्धा डझन, हाताला एवढ्या पुरतात. बाराचा डझन, दोऱ्यात ओवलेला, दोन हातांचा. असे बारा डझन बांधले की झाला ग्रोस, एकशे चव्वेचाळीस नगांचा. सेफ्टीपिना, केसांचे रबर, टिचबटणं, सगळं ग्रोसनं येतं. पहिल्या आठवड्यात सासूनं ग्रोस मागितला आणि हिनं शंभर मोजून दिले. "अगो येडे," सासू म्हणाली, "शंभराला शेकडा म्हणतात. शेकडा पानवाल्याचा नि नारळवाल्याचा. आपला बाराचा पाढा." तेव्हापासून ही बाई जग बारानंच मोजते. नवऱ्याचं वय विचारलं तर म्हणते, पाच डझन झाले की, आता वरची चाललीत.

तर गेल्या माघात भिसेगावची समीक्षा दुकानात आली. लग्न आठ दिवसांवर आलेलं. चाचीला वाटलं, चुड्याचा रंग बघायला आली असेल. पण पोरगी काउंटरवरच्या बांगड्या नुसती इकडून तिकडं सरकवत बसली.

"काय गं? नवरा आवडला नाय का?"

"तसं नाय चाची." आणि पोरीचे डोळे भरून आले. "आई चुड्याला येत नाय म्हणते. म्हणते मी आत सैपाकघरात बसन, तुमी भरून घ्या."

समीक्षाची आई म्हणजे इंदूबाई. तिचा नवरा रसायनीला कारखान्यात होता, दोन वर्षांखाली छातीत कळ येऊन गेला. त्या दिवसापासून इंदूबाईनं हात मोकळे ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला सांगावंही लागलं नाही. घरात नणंद होती ना, अंबूबाई. समीक्षाची आत्या. ती तर ऐन तरुणपणीच विधवा होऊन भावाकडं परत आलेली. अख्ख्या भावकीच्या लग्नांत काय करायचं नि काय नाही, ते अंबूबाईच सांगायची, आणि तिच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती.

"तुमी आईच्या हातात भराल का?" समीक्षानं विचारलं. "तुमचं ती ऐकंल. तिचा चुडा तुमीच भरलेला ना?"

आसियानं भरला होता. तिला तो हात आठवत होता. सव्वादोनचा, मऊ, घाबरलेला. पोरीनं सरकवलेल्या बांगड्या ती परत ओळीत लावायला लागली, तसं मोहियुद्दीननं पेपरातून डोकं वर काढलं.

"हे बघ पोरी," ती म्हणाली, "तुमच्या घरच्या रीतीत मी तोंड घालनार नाय. मी बांगडीवाली. माझं बोलनं मोजायपुरतं." आणि पोरीचा चेहरा पडला तसा आसियानं तिचा हात धरला. "पन मोजायचं तर मोजायचं ना पुरं!" असं काहीतरी बोलून तिनं तिला घरी लावून दिलं. काय करायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंबूबाईचा फोन आला. सूचना स्वच्छ होती. नवरीचा चुडा वेगळा. बाकी सवाष्णी अकरा, प्रत्येकीला डझन, म्हणजे अकरा डझन हिरवं आणायचं. मापं तिनं एकेक करून सांगितली, आणि बाईनं एकही चुकवलं नाही.

आसियानं अकरा डझन काढले. ओळीनं मांडले. मांडून झाल्यावर खोक्यात एक जागा मोकळी राहिली, आणि ती जागा तिला बघवेना. मग ती उठली, अडीचचा एक डझन स्वतः निवडून काढला, उजेडात धरून कड बघितली, आणि तिथं ठेवला. भाताच्या पेंढ्या बांधून, धुणी धुऊन इंदूबाईचा हात आता सव्वादोनचा राहिला नसणार, हे तिला बघितल्याशिवाय कळत होतं.

"ऑर्डर अकराची हाय," मोहियुद्दीन म्हणाला.

"तुमी पेपर वाचा."

चुड्याच्या दिवशी भिसेगावच्या अंगणात मांडव पडलेला. समीक्षा पाटावर बसली. चुडा काही डझनात बसत नाही. त्यांच्याकडं डाव्या हातात एक जास्त, म्हणजे उजव्यात अकरा, डाव्यात बारा. दोन डझन फोडायचे आणि एक बदलीला ठेवायची, चढवताना एखादी वाढली तर. फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि वाढली तर ती बांगडीवालीच्या पदरची. त्या दिवशी एकही वाढली नाही. पोरीचा हात मेणासारखा ढिला होता, कारण तिचं लक्षच नव्हतं. ती सारखी सैपाकघराच्या दाराकडं बघत होती.

मग सवाष्णी बसल्या. काकू, मामी, शेजारणी, दहिवलीची मावशी. चाची एकेकीला चिडवत होती, हसवत होती, हात भरत होती. अंबूबाई खांबाला टेकून उभी राहून मोजत होती. अकरावीचे हात भरून झाले, बाया उठायला लागल्या, आणि खोक्यात एक डझन उरला.

"ह्यो कसला?" अंबूबाई म्हणाली.

"ग्रोस हाय ना," आसिया म्हणाली. "बारावा डझन."

"मी अकरा सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. पन अकरा डझनाला नाव नाय, आत्याबाई. दोनाला जोडी हाय, बाराला डझन हाय, शंभराला शेकडा. बारा डझनाला ग्रोस. अकरा डझनाला काय म्हनतात, सांगा मला. बाजारात नावच नाय त्याला. आनि आमच्यात चुड्याच्या घरी फोडलेला ग्रोस दुकानात परत नेत नायत."

आता खरं सांगायचं तर ही सपशेल थाप होती. आसियानं आयुष्यभर फोडलेले ग्रोस पिशवीत घालून परत नेले होते. पण बोलताना तिची पापणी हलली नाही.

"मग दे त्या बारक्या पोरींना."

"अडीचच्या हायत. पोरींच्या कोपरापर्यंत जातील." आणि मग तिनं मान वळवून जोरात हाक मारली, "ओ इंदूबाई! बाहेर या जरा. तुमच्या मापाच्या उरल्यात!"

इंदूबाई दारात आली. हाताला पीठ लागलेलं, पदराला पुसत होती, पुसून झालं तरी पुसतच होती. समीक्षा पाटावरून उठली आणि आईचा दंड धरून तिला चाचीपुढं आणून बसवलं. बाई बसली, पण हात मांडीवर मुठी आवळून ठेवले.

"लोकं काय म्हनतील गं," ती हळूच म्हणाली.

सगळ्यांनी अंबूबाईकडं बघितलं. आसियानंही बघितलं. तिनं मनात उत्तरं तयार ठेवली होती. आत्याबाई रीत काढतील तर हे बोलायचं, ओरडतील तर ते. आणि तिनं ठरवलं होतं, पोरीसाठी आज चार शिव्या खायच्या.

अंबूबाई ओरडली नाही. ती खांबापासून पुढं आली, खोक्यातला तो डझन उचलला, दोऱ्यासकट हातात वजन केल्यासारखा धरला.

"बारा बायका मोजल्यास तू," ती म्हणाली. "आनि मी गं? मी कुठल्या डझनात?"

आसियानं त्या मोकळ्या मनगटांकडं बघितलं. या अल्ला! तिनं इंदूबाईचे दोन हात मोजले, त्यांच्यासाठी रात्रंदिवस युक्त्या लढवल्या, आणि हे दोन हात समोर उभे असून तिला दिसलेच नव्हते. तीस वर्षं या घरातले सगळे चुडे भरायला ती येत होती. दर वेळी ही बाई खांबाशी उभी राहून मोजत होती, आणि एकदाही, एकदाही तिनं विचारलं नव्हतं. इंदूबाईची दया आली आणि अंबूबाईची भीतीच वाटत राहिली. तिला स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

इंदूबाईनंच मुठी सोडल्या. नणंदेच्या हातातला डझन घेतला, दोरा दातानं तोडला, आणि बांगड्या पदरात घेऊन सहा इकडं, सहा तिकडं केल्या.

"पहिलं आत्यांच्या हातात भरा," ती चाचीला म्हणाली. "त्यांच्या भरल्याशिवाय मी हात पुढं करायची नाय."

"मला सैल व्हतील," अंबूबाई म्हणाली. आवाज असा, की ऐकायला पुढं वाकावं लागलं.

सैल होत्याच. त्या वाळल्या हाताचं माप दोन-सहाचं, काही दाबावं लागलं नाही, हसवावं लागलं नाही. उजव्या हातात तीन, डाव्या हातात तीन. मग इंदूबाईच्या हातात तीन-तीन, त्या मात्र बेतशीर बसल्या. समीक्षा दोघींच्या मध्ये बसून घळाघळा रडत होती आणि मामी तिला चुडा जपून गं, चुडा जपून, म्हणत होती. अंबूबाईनं हात खाली सोडला तशा बांगड्या मनगटावर घसरल्या आणि वाजल्या. ती दचकली. मग तिनं दुसरा हात मुद्दाम हलवून बघितला. पुढचा चहा तिनं स्वतः वाटला, एकेका बाईला, सावकाश.

चाची उन्हं उतरताना दुकानात परतली. रिकामं खोकं काउंटरवर ठेवलं आणि स्टुलावर बसून गुडघे चोळायला लागली. मोहियुद्दीननं खोक्यात डोकावून बघितलं.

"झाला वाटतं ग्रोस पुरा," तो म्हणाला.

"कसला पुरा?" ती म्हणाली. "कमी पडला. तो वरचा दोन-सहाचा डझन खाली द्या. उद्या सकाळी परत जायचंय मला."