सामंत बाईंचे दोन मेल

आनंदी सामंत बाईंना आपण कधी चुकत नाही याचा थोडा गर्वच होता, आणि गाव तो कौतुकाने चालवून घेत असे. मालवणपासून जवळच्या त्या किनाऱ्यावरच्या शाळेत त्यांनी बावीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर त्यांनी खडूने काढलेलं वर्तुळ कंपासने काढल्यासारखं यायचं. अर्ध्या गावाला अक्षांश-रेखांश बाईंनीच शिकवले, आणि ज्यांना ते आले नाहीत त्यांचे कानही बाईंनीच पिळले. वर्गातल्या मुलाने चूक लपवली की बाई म्हणायच्या, चुकलास त्याचं काही नाही, पण तोंड लपवलंस त्याची शिक्षा भोग. असं बोलणाऱ्या माणसाच्या वाट्याला पुढे काय यावं, याचा नेम नसतो.

दोन हजार नऊ साली शाळेत संगणक आले. सरकारने ते काम एका कंपनीला दिलं होतं. यंत्रं कंपनीची, दुरुस्ती कंपनीची आणि शिकवायला ठेवलेला मास्तरही कंपनीचाच, वर्षाच्या करारावर. हा मास्तर म्हणजे स्वरूप कुबल. गुणाजी कुबलाचा मुलगा. गुणाजीच्या घरात चार पिढ्या होडीवर गेल्या, स्वरूप हा पहिला, जो इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जायचा. तो बाईंच्याच वर्गात शिकला होता. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत तो खुर्चीवर बसला तरी बाई आत आल्या की उठून उभा राहायचा. सोमवार ते बुधवार कट्टा गावच्या शाळेत आणि गुरुवार ते शनिवार या शाळेत, अशी त्याची वाटणी होती.

संगणकाचा बाईंनी आधी तिरस्कार केला आणि मग एकदम नादच घेतला. स्लाइडवर नकाशा हलतो, ढग सरकतात, हे बघून त्यांना खडू नकोसा झाला. मात्र एक अडचण होती. शिक्षकांच्या लॉगिनमधून लॅपटॉपवर नवीन काही टाकता येत नसे. मराठी अक्षरांचा फॉन्टसुद्धा नाही. आणि बाईंना त्यांच्या आवडीचा फॉन्ट हवा होता. तशी परवानगी फक्त स्वरूपच्या लॉगिनला. त्याचा पासवर्ड कोणाला द्यायचा नाही, असा कंपनीचा कडक नियम होता. बाई त्याच्या मागेच लागल्या. "रे स्वरूप, मी काय चोर आसंय?" शेवटी त्याने दिला. ज्या बाईंनी आपल्याला नकाशे गिरवायला लावले त्यांना नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं असणार. "फक्त फॉन्ट टाका, बाई. दुसरा कायएक इचारल्यान तर 'नंतर' म्हणान सोडा," एवढंच तो म्हणाला.

मग सोमवारी विस्तार अधिकारी शाळा बघायला येणार असं कळलं. बाईंचा पाठ ठरला: पृथ्वी आणि तिचे पट्टे. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर बाई एकट्याच खोलीत स्लाइड सजवत बसल्या. स्वरूप घरी गेला होता. प्रोजेक्टर नेहमीसारखा मुख्याध्यापक परुळेकर सरांच्या कपाटात कुलपात. तो फक्त कामापुरता बाहेर निघायचा, घरातल्या चांदीच्या भांड्यांसारखा. फॉन्टसाठी बाई स्वरूपच्या लॉगिनमध्ये गेल्या होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट सारखी डोकावायची, डिस्प्लेचा अपडेट तयार आहे, टाकू का? बाईंनी दोनदा 'नंतर' केलं. तिसऱ्यांदा वैतागून 'हो' दाबलं. पट्टी भरत गेली, लॅपटॉप बंद होऊन परत सुरू झाला. उलट अक्षरं आधीपेक्षा ठसठशीत दिसायला लागली. बाई खूश होऊन घरी गेल्या.

सोमवारी अधिकाऱ्यांसमोर प्रोजेक्टर लावला आणि भिंतीवर पृथ्वी उभ्या अंड्यासारखी आली. दोन्ही बाजूंना काळे पट्टे, मधे चेपलेली स्लाइड. भारताचा नकाशा तर बारा दिवस उपाशी ठेवल्यासारखा बारीक. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "बाई, मालवण बारीक झाला." पोरं हसली. अधिकारीही हसले. त्यांनी हसताना तोंडावर रुमाल धरला, ते बाईंना जास्त लागलं. परुळेकर सरांनी पुढे होऊन प्रोजेक्टरची दोन बटणं दाबून पाहिली, पृथ्वी तशीच उभी. बाईंनी अखेर खडू घेऊन फळ्यावर वर्तुळ काढलं आणि पाठ पूर्ण केला. पण पाठ कोणाच्या लक्षात नव्हता, अंडं होतं.

मधल्या सुट्टीत बाई रागारागाने लॅपटॉपसमोर बसल्या. स्वरूप कट्ट्याला होता. त्याला फोन लावता आला असता. शाळेत फोन होता, त्याच्याकडेही मोबाइल होता. बाईंनी लावला नाही. कंपनीच्या कुडाळच्या हेल्पडेस्कला त्यांनी सरळ मेल लिहिला, मराठीतच पण इंग्रजी अक्षरांत, एकेक बटण शोधत:

"महोदय, आमच्या शाळेच्या लॅपटॉपवर शनिवारी कोणीतरी अपडेट केल्यापासून वर्गातील प्रोजेक्टरवर स्लाइडचा आकार चुकीचा येतो. गोल वस्तू उभट दिसतात, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. लॅपटॉपवर मात्र सर्व ठीक दिसते. आज मान्यवरांसमोर शाळेची नाचक्की झाली. त्वरित दखल घ्यावी. आ. वि. सामंत."

'कोणीतरी' हा शब्द लिहिताना त्यांचं बोट क्षणभर थांबलं होतं. हे त्यांना पुढे कायम आठवत राहिलं. थांबलं, आणि मग पुढे गेलं.

दुसऱ्या दिवशी कुडाळहून मितेश नावाचा तंत्रज्ञ मोटरसायकलवर आला. त्याने चटकन दोष शोधला. हा लॅपटॉप रुंद पडद्याचा, प्रोजेक्टर जुन्या चौकोनी मापाचा. स्वरूपने दोघांचं माप जुळवून ठेवलं होतं. नवीन अपडेटने ती जुळणी पुसून लॅपटॉपचं स्वतःचं रुंद माप परत आणलं, आणि प्रोजेक्टर ते रुंद चित्र आपल्या चौकटीत दाबून बसवत होता. मितेशने माप परत जुळवलं. भिंतीवरची पृथ्वी गोल झाली. बाईंना हायसं वाटलं. मग मितेशने लॅपटॉपवरची नोंद उघडली. "शनिवारी दुपारी अपडेट झालाय, मॅडम. स्वरूप कुबलच्या लॉगिनमधून. तो आमचाच माणूस, त्यालाच बजावलेलं होतं की अपडेट घेऊ नको. बघतो मी त्याला."

परुळेकर सर समोर उभे होते, शिपाई गणपत चहा घेऊन आला होता. नंतर बोलू असं बाईंनी मनात म्हटलं. मुलांनी असं 'नंतर' म्हटलं की त्या काय करायच्या, ते सगळ्या गावाला माहीत होतं.

गुरुवारी स्वरूप आला. त्याला कंपनीचा मेमो मिळाला होता. बाईंनी त्याला जिन्याखाली गाठलं. "स्वरूप, तो अपडेट..."

"माका म्हायत आसा, बाई," तो म्हणाला. चेहरा हसरा ठेवलेला. "असूं दे. एक मेमो हा, सा म्हयन्यान निघता. तुमी तेचो इचार करू नका." आणि घंटा झाली म्हणून तो वर गेला. मधल्या सुट्टीत बाई शिक्षकांच्या खोलीत आल्या, तेव्हा तो अजूनही उठून उभा राहिला. ते बाईंना सोसवेना.

त्या आठवड्यात बाईंना अन्न गोड लागलं नाही. माशांचं सार समोर आलं तरी गुणाजीची होडी आठवायची. आरशात बघणं जड गेलं. वर्गात एका पोराने गृहपाठ न आणता आजाराची थाप मारली, आणि बाईंनी कान न पिळताच त्याला खाली बसवलं. पोरं चकित झाली. शेवटी शनिवारी त्यांनी ठरवलं की ही घाण धुऊन टाकायची. कोणाला काही न विचारता त्या लॅपटॉपसमोर बसल्या आणि दुसरा मेल लिहिला. सगळं खरं. अपडेट मीच केला, 'कोणीतरी' असं मी खोटं लिहिलं, स्वरूपचा पासवर्ड मी त्याच्याकडून हट्टाने घेतला होता, त्याचा यात काडीचा दोष नाही, शिक्षा द्यायची तर मला द्या. मेल गेला तसं छातीवरचं दगडासारखं ओझं उतरलं. रात्री त्या पोटभर जेवल्या. बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

बुधवारी परुळेकर सरांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि कंपनीचं उत्तर वाचून दाखवलं. बाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल कंपनी आभारी होती. पासवर्ड दुसऱ्याला देणं हा कराराचा भंग असल्याने स्वरूप कुबल यांचा करार रद्द केला होता. नवीन मास्तर पुढच्या महिन्यात येईल.

बाई दुपारच्या एस.टी.ने कुडाळला गेल्या. मितेशने खुर्ची दिली, पाणी दिलं. "मॅडम, मी आत्ता काय करू? अपडेटचा मेमो साधा होता, कोणाच्याही हातून होतं. पण पासवर्डचं तुम्ही स्वतः लिहून दिलंत. ते वर पुण्याला गेलं. मला तो मेल बघून न बघितल्यासारखं करता आलं नाही." तो खरंच ओशाळला होता. बाई पाणी प्यायल्या नाहीत.

परत येताना त्या घरी न जाता तशाच कुबलवाड्यात गेल्या. गुणाजी अंगणात जाळं पसरून फाटकं शिवत होता. त्याने बाईंना पाहून पाट मांडला. त्याच्या शेजारी स्वरूपही जाळ्याचं दुसरं टोक धरून बसला होता. अंगात बनियन. बाईंना पाहून तो उठला.

"बस रे," बाई म्हणाल्या. "तू माझ्यासाठी उठू नको."

तो बसला नाही. वाटेत बाईंनी बरीच वाक्यं जुळवली होती. "मी खरा सांगूक गेलंय," त्या एवढंच म्हणाल्या. "तुझ्यावरचा आळ काढूक."

"म्हायत आसा, बाई."

"मगे बोल काय तरी. शिवी दी."

स्वरूपने बापाकडे पाहिलं. गुणाजी मान खाली घालून गाठ मारत होता. मग स्वरूप हळू बोलला. "पयलो मेल तुमी रागान केल्यात, ता माका समाजता. मेमो मी घेतलंय तो कित्याक, तर पासवर्डाचा नाव निघूक नको म्हणान. दुसरो मेल करूच्या आधी माका एकदा इचारूक व्हया होता. मी शाळेतच होतंय, बाई. शनिवार होतो. वरच्या वर्गात होतंय."

खरंच, तो वर होता. एका जिन्याचं अंतर. बाईंनी दोन्ही मेल लिहिले आणि दोन्ही वेळा ज्याचं नाव त्यात गुंतलं होतं त्याला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"तुझ्यासाठी नाय लिवलंय मी तो," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "माका झोप येय नाय होती, म्हणान लिवलंय."

स्वरूपने मान हलवली. रागाने नाही, पटल्यासारखी. मग तो खाली बसला आणि त्याने जाळ्याचं टोक परत हातात घेतलं.