चौकटींची पुस्तकं आणि माधुरीताई

भिंगारच्या आमच्या वाचनालयात माधुरीताई ग्रंथपाल आहेत. फटकळ बाई. पुस्तकावर हळदीचा डाग पाडून आणला तर समोर म्हातारा आहे की मोठा साहेब, काही बघत नाहीत. त्यांच्या रागावर गल्लीत पुष्कळ बोललं जातं. चिटणिसांवर त्या का भडकल्या ते मात्र कोणी सांगत नाही. मी सांगते, कारण त्यात माझी मुलगी होती.

संस्कृती नववीत. पुस्तक म्हटलं की तोंड फिरवायची. पान भरून अक्षरं दिसली की, "मम्मी, डोकं दुखतंय." शाळेत मोठ्याने वाचायला उभं केलं की घाम. दिवा लावताना मी देवाला एवढंच सांगायचे, हिला वाचायची गोडी लागू दे, बाकी मी बघते.

माधुरीताईंनी तिला बालविभागातल्या कपाटातून एक पुस्तक काढून दिलं. सगळी चित्रांच्या चौकटींत मांडलेली, ट्रक चालवणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. पाच भाग. मराठीत अशी पुस्तकं फार नाहीत. ताईंनी ती कमिटीशी भांडून आणली होती.

संस्कृती म्हणाली, "हे काय, लहान पोरांचं?"

"वाचून सांग मग. या चौकटीत ट्रक घाटात आहे, पुढच्या चौकटीत दरीच्या कडेला. मधल्या रिकाम्या जागेत काय झालं?"

"ब्रेक फेल झाला असणार."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाही, पण हिचं तोंड बघा ना! आणि हा बोलण्याचा फुगा बघा, कडा काटेरी आहेत. म्हणजे ओरडतेय."

"झालं. वाचलंस की!"

दोन भाग संपले. फुग्यातली वाक्यं छोटी, एखादा शब्द अडला तर चित्र सांभाळून घ्यायचं. दुसऱ्या भागाच्या शेवटी घाटरस्त्यांबद्दल दोन पानं नुसता मजकूर होता. तोही तिने वाचला, कारण तिला पुढचं कळायला हवं होतं. तिसऱ्या भागाबरोबर तिने स्वतःहून एका ट्रक ड्रायव्हरच्या आठवणींचं पुस्तक मागितलं. पातळसंच, पण एकही चित्र नसलेलं. कौतुक केलं तर दृष्ट लागेल असं वाटलं.

त्याच आठवड्यात वाचनालयाचे चिटणीस सहादेवअण्णा टेबलापाशी उभे होते. निवृत्त मास्तर. तिच्या हातातला तिसरा भाग त्यांनी उचलला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "नववीतली घोडी आणि चित्रं बघते? बालविभाग बारा वर्षांपर्यंत. तुला दुपटं पण देऊ का?"

तिच्या वर्गातली दोन पोरं तिथेच होती. ती हसली. संस्कृतीने दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली, ते ड्रायव्हरचंसुद्धा, आणि घरी आली. पिशवी भिरकावून म्हणाली, "परत मला तिकडे पाठवू नको."

मला इतका संताप आला की तव्यावरची पोळी करपली. महिनोन् महिने जे जुळत नव्हतं ते जुळत आलं होतं, आणि या माणसाने एका टिंगलीत तोडलं!

अण्णांनी कपाटाला कुलूप घातलं. माधुरीताई म्हणाल्या, "किल्ली ग्रंथपालाकडे असते. द्या इकडे."

"नियम आहे बाई. मोठ्या मुलांनी वाङ्मय वाचावं."

"मोठी मुलं येतात कुठे? एक आली होती, तिला तुम्ही हाकललंत. आता वाङ्मय कोण वाचणार, तुमची खुर्ची?"

किल्ली घेऊनच त्या हलल्या. संध्याकाळी तिसरा आणि चौथा भाग घेऊन आमच्या दारात आल्या. संस्कृती आतूनच म्हणाली, "मला नको. लहान पोरांचं आहे ते."

"मी बेचाळीस वर्षांची आहे आणि मला ट्रकवाल्या धाकटीचं काय होतं ते कळल्याशिवाय झोप येईना. तुला नको तर नको. पण त्या माणसाला नको म्हणून तुला नको असेल, तर मला तुझाही राग आला असं समज."

पुस्तकं उंबऱ्यावर ठेवून त्या गेल्या. घरात आणायला मी हात लावला नाही. रात्री जेवायला बसताना बघितलं तर उंबरा रिकामा होता.

शनिवारी ती मला म्हणाली, "चल. पण तू बोलायचं नाहीस." वाचनालयात अण्णा होते, पेपर वाचणारी म्हातारी मंडळी होती, त्या दोन पोरांतला एक होता. ती सरळ टेबलापाशी जाऊन म्हणाली, "पाचवा भाग पाहिजे. माझ्या नावावर लिहा."

अण्णा म्हणाले, "नियम सांगितला ना तुला?"

"तो वाचता न येणाऱ्यांसाठी केलाय का वाचणाऱ्यांसाठी?"

पेपरमागून एक आजोबा वैतागले, "द्या की ओ तिला! आमाला पेपर वाचू द्या."

माधुरीताईंनी कपाट उघडलं. नियम मोडला म्हणून अण्णांनी कमिटीपुढे ताईंकडून लेखी खुलासा मागवलाय. त्या म्हणतात, देईन. त्यांचं पुढे काय होईल मला माहीत नाही, आणि अण्णा समोर दिसले की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

संस्कृती मात्र त्या म्हाताऱ्यांच्याच टेबलापाशी बसली, सगळ्यांना दिसेल असं पुस्तक उघडून. मी उभी राहिले तर म्हणाली, "तू जा ना मम्मी. मला वेळ लागेल."