नणंदेचा जांभळा उजेड

माझ्या मैत्रिणीला नणंद मिळाली आणि मला सवत.

कॉलेजपासून आम्ही दोघी कॉम्प्युटरवर गोळीबाराचा एक ऑनलाइन गेम जोडीनं खेळतो. लग्न होऊन ती शुक्रवार पेठेत गेली, मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन करायला लागले, पण रविवारची दुपार आमची राहिली. खेळताना आमचे ठरलेले शब्द असायचे. माझ्या मागून कुणी आलं की ती कानात नुसतं "पाठ" म्हणायची आणि मी गर्रकन वळायचे. आमच्या दोघींशिवाय हा शब्द कुणाचाच नव्हता.

मग नणंदेनं स्वतःचा कॉम्प्युटर घेतला. पोरगी बरी खेळायची. बरी म्हणजे माझ्यापेक्षा चांगली, पण हे माझ्या तोंडून आजही सुखानं निघत नाही. फोन केला की मैत्रिणीचं पालुपद सुरू. नणंद असं खेळली, नणंद तसं म्हणाली. सासरी सगळे घरात कानडी बोलतात, तर नणंद तिला कानडी शिकवते म्हणे. मला कानडीचं एक अक्षर येत नाही. एकदा म्हणाली, "तिच्या टेबलाला जांभळे लाईट लावलेत. लई भारी दिसतंय."

माझा जळफळाट झाला. पुढच्याच आठवड्यात मी कॉम्प्युटरच्या डब्यात दिवेवाले पंखे बसवून घेतले आणि त्यांचा रंग बदलायला नेटवरून एक फुकटचा प्रोग्राम उतरवला. रंग कुठला, हे सांगायला नकोच. मैत्रिणीला मात्र बोलले नाही. सामना जिंकला की फोटो पाठवीन, असं ठरवलं होतं.

सामना म्हणजे जोड्यांची ऑनलाइन स्पर्धा. आमच्या जोडीत राखीव खेळाडू म्हणून नणंदेचं नाव होतं. दोघींपैकी एक वेळेत आली नाही तर ती बसणार. मी वेळेच्या बऱ्याच आधी गेम उघडायला गेले, आणि तो उघडेचना. लबाडी करणाऱ्यांना अडवायला गेमबरोबर एक पहारेकरी प्रोग्राम येतो. त्यानं पडद्यावर इंग्रजीत एक ओळ टाकली आणि दार लावून घेतलं.

मैत्रिणीला फोन लावला. तिनं स्पीकर चालू केला. म्हणजे नणंद शेजारीच होती.

"माझ्या कामाच्या सॉफ्टवेअरमुळं झालं असेल," मी म्हणाले. कारखान्याचं डिझाइनचं सॉफ्टवेअर इतकं जुनं आहे की ते जुन्या विंडोजवरच चालतं, म्हणून मी ते व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत मांडलेल्या दुसऱ्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये, चालवते.

"ताई, तुम्ही गेम त्याच्या आत उघडताय का?" नणंदेनं विचारलं.

"नाही. बाहेरच."

"मग ते नसंल. गेम आत उघडला तर अडवतंय ते. त्या ओळीत फाईलचं नाव आलंय का?"

आलं होतं. मला वाचायचं नव्हतं, पण घड्याळ पुढं चाललं होतं. वाचलं.

"हा लाईटच्या प्रोग्रामचा ड्रायव्हर हाय की," ती लगेच म्हणाली. "रंग बदलायला तो थेट मशीनच्या पोटात हात घालतो. त्याच वाटेनं चीटिंगवाले घुसतात, म्हणून अडवतात."

"पण तुझ्याकडं कुठले लाईट?" मैत्रिणीनं विचारलं.

मी प्रोग्राम काढून टाकायचं बटण शोधायला लागले.

"जांभळे?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

शेवटी नणंदेला विचारलं, "मग तुझ्या लाईटला कसं अडवत नाही?"

"माझी नुसती पट्टी हाय, ताई. तिला रिमोट हाय."

प्रोग्राम काढून टाकला, तरी गेम अडवतच होता. ड्रायव्हर मेमरीत बसून राहतो, रिस्टार्ट करा, हेही तिनंच सांगितलं. कॉम्प्युटर बंद होऊन चालू होईपर्यंत ती जागा घेऊ शकली असती. घेतली असती तर मला तिचा मनसोक्त राग तरी करता आला असता. पण ती म्हणाली, "थांबू की, वहिनी. ताईंचं होतंय." तिच्या त्या चांगुलपणानं माझ्या अंगाची आग झाली.

गेम उघडला. सामना सुरू झाला. पहिल्या फेऱ्या आम्ही जुन्यासारख्या खेळलो, आणि मला वाटलं, माझी जागा मला परत मिळाली. शेवटच्या फेरीत मी एका भिंतीआड दबा धरून बसले होते. तेवढ्यात कानात मैत्रीण घाईनं ओरडली, "हिंदक! हिंदक!"

मी समोरच बघत राहिले. गोळी पाठीत बसली आणि सामना गेला.

"अगं, वळली का नाहीस? दोनदा सांगितलं की."

"तू काय म्हणालीस?"

तिला स्वतःलाच आठवेना. मागून नणंदेचा आवाज आला, नेहमीसारखाच मऊ.

"हिंदक म्हणजे पाठ, ताई."